साहेबांच्या टेबलापर्यंत जाणारा अर्धा कागद

कारखान्याला सेवा किंवा यंत्र विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाची गाठ बहुतेक वेळा अशा माणसाशी पडते, ज्याला माल पटलेला असतो पण सही करण्याचा अधिकार नसतो. मेंटेनन्सचा इंजिनिअर मान डोलावतो, चहा पाजतो आणि शेवटी म्हणतो, “साहेबांशी बोलून सांगतो.” पुढचे बोलणे बंद दाराआड होते. विक्रेता तिथे नसतो आणि त्याची बाजू मांडायची वेळ त्या इंजिनिअरवर येते. त्याला त्या कामाचा सराव नसतो, आणि साहेब तर दुसऱ्याच फायलीत डोके घालून बसलेले असतात. अशा वेळी इंजिनिअरला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा छोटा मजकूर विक्रेत्याने आधीच लिहून दिलेला असला, तर ती बाजू बऱ्यापैकी शाबूत राहते.

फ्रेडरिक वेबस्टर आणि योराम विंड या दोन अभ्यासकांनी 1972 मध्ये संस्थांच्या खरेदीची जी मांडणी केली, तिच्यात एका खरेदीमागे वेगवेगळ्या भूमिका दाखवल्या आहेत : वस्तू वापरणारा, मत बनवणारा, निर्णय घेणारा, प्रत्यक्ष खरेदी करणारा आणि माहिती आत जाऊ देणारा किंवा अडवणारा. विक्रेत्याला बहुधा यांतला एकच माणूस भेटतो. आपल्याकडच्या मध्यम कारखान्यात हा प्रवास ठरलेला असतो. इंजिनिअर मागणीपत्र, म्हणजे पीआर, काढतो; प्लांट हेड मंजुरी देतो; परचेस विभाग तीन कोटेशन मागवून तुलनेचा तक्ता बनवतो; अकाउंट्स पैसे सोडते. यात सगळ्यांत नाजूक पायरी पहिल्या दोघांमधली असते, कारण तिथे कागद नसतो, नुसते बोलणे असते.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, भोसरीतला एक व्यावसायिक कारखान्यांमधली दाबाच्या हवेची गळती शोधून बंद करण्याचे काम करतो. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात 75 किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून त्याने इंजिनिअरसोबत चाचणी घेतली. हवा कोणीच वापरत नसताना कॉम्प्रेसर दीड मिनिट लोडवर आणि साडेचार मिनिटे अनलोडवर चालत होता. सहा मिनिटांतले दीड मिनिट, म्हणजे क्षमतेच्या 25 टक्के हवा नुसती गळत होती. पाइपच्या जोडण्यांवर साबणाचे पाणी टाकताच उठणारे बुडबुडे इंजिनिअरने स्वतः पाहिले, त्यामुळे त्याला आणखी काही पटवायची गरजच उरली नाही.

इथे बहुतेक विक्रेते चोवीस पानी माहितीपत्रक मेल करतात. पहिल्या पानावर कंपनीचा इतिहास, दुसऱ्यावर ग्राहकांची बोधचिन्हे आणि किंमत कुठेच नाही. साहेब ते मोबाइलवर उघडतात, दोन पाने सरकवतात आणि इंजिनिअरला विचारतात, “यात आपल्याला काय करायचंय?” त्याला उत्तर पाठ नसते. प्रकरण तिथेच थंडावते.

त्याऐवजी असा मजकूर द्यावा, जो इंजिनिअरने स्वतः लिहिल्यासारखा वाचता येईल. कार्यालयीन पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तर तो इंग्रजीतच द्यावा; आशय साधारण असा :

विषय : कॉम्प्रेसरच्या हवेची गळती, दुरुस्तीसाठी संमती

सर,
सुट्टीच्या दिवशी मशीन बंद ठेवून 75 किलोवॉटच्या कॉम्प्रेसरची चाचणी घेतली. क्षमतेच्या 25 टक्के हवा गळतीत जात आहे. नव्या लाइन जोडल्यामुळे जोडण्या वाढल्या आहेत. चालू कारखान्यांत 20 ते 30 टक्के गळती सर्रास आढळते.
ती 10 टक्क्यांवर आणल्यास वर्षाला सुमारे 37,800 युनिट, म्हणजे 9 रुपये दराने अंदाजे 3 लाख 40 हजार रुपये वाचतील. अनलोडवर लागणारी वीज यात वजा केली आहे.
खर्च 1 लाख 60 हजार अधिक जीएसटी, दुरुस्ती-देखभालीच्या खात्यातून. साधारण सहा महिन्यांत वसूल.
काम चार सुट्ट्यांत होईल, उत्पादन थांबणार नाही. शेवटी हीच चाचणी पुन्हा घेऊन आकडा दाखवतील.
पीआर काढू का?

यात विक्रेत्याचे नावही नाही आणि ‘अग्रगण्य’, ‘विश्वासार्ह’ असले एकही विशेषण नाही. नाव, अनुभव आणि आधीच्या कामांचा तपशील वेगळ्या कागदावर सोबत असतो, ज्याला हवा तो पाहील. शेवटची ओळ मात्र गाळू नये. साहेबांना ‘हो’ किंवा ‘नको’ एवढेच लिहावे लागेल, असा नेमका प्रश्न तिथे असावा लागतो. ‘आपले मत कळवावे’ असे लिहिले, की मत कळवण्याचे काम पुढच्या आठवड्यावर जाते.

सगळ्यांत जास्त विचार बचतीच्या आकड्यावर करावा लागतो. सरळ हिशेब मोहात पाडणारा आहे : 75 किलोवॉटचे 15 टक्के म्हणजे सव्वाअकरा किलोवॉट, दोन पाळ्यांचे वर्षाला 4,800 तास, म्हणजे 54,000 युनिट आणि जवळपास 4 लाख 86 हजार रुपये. पण हा हिशेब चुकीचा आहे. अशा जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर अनलोडवर असला तरी मोटर फिरतच राहते आणि पूर्ण भाराच्या साधारण 30 टक्के वीज खाते. गळती थांबली की तो बंद पडत नाही, फक्त जास्त वेळ अनलोडवर जातो. म्हणून खरी बचत 15 टक्के वेळेवर साडेबावन्न किलोवॉटचीच, म्हणजे पावणेआठ किलोवॉटच्या थोडी वर. प्लांट हेड स्वतः इंजिनिअर असेल तर ही चूक त्याच्या पहिल्या नजरेत येते. आणि ती त्याच्यासमोर उघडी पडते तेव्हा विक्रेता तिथे नसतो. ओशाळतो तो बिचारा इंजिनिअर. तो पुन्हा त्या विक्रेत्याचा कागद हातात धरत नाही. दुसऱ्याच्या तोंडी जाणारा आकडा म्हणूनच कमी बाजूने लावायचा आणि तो कशावरून काढला हे अर्ध्या ओळीत सांगून टाकायचे.

दुसरा धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘25 टक्के हवा वाया’ हे वाक्य विक्रेत्याला यश वाटते, इंजिनिअरसाठी ते आरोपपत्र असू शकते. साहेबांचा साहजिक प्रश्न असतो, “मग इतके दिवस मेंटेनन्स काय करत होतं?” या भीतीने पुष्कळ प्रस्ताव पुढे जातच नाहीत, आणि विक्रेता मात्र साहेबांना वेळ नसावा अशी समजूत करून घेतो. वरच्या मजकुरात नव्या लाइनचा आणि इतर कारखान्यांचा उल्लेख आहे तो यासाठी. गळती शोधणारा माणूस म्हणून इंजिनिअरची नोंद होते, होऊ देणारा म्हणून होत नाही. ही वाक्ये अर्थातच खरी असली पाहिजेत. नवी लाइन जोडलीच नसेल तर तसे लिहिता येणार नाही. मग वाढलेल्या वयाची पाइपलाइन किंवा जे खरे कारण असेल ते द्यावे.

खात्याचा उल्लेखही सहज आलेला नाही. प्रत्येक प्लांट हेडला ठरावीक रकमेपर्यंत स्वतःच्या सहीने खर्च करता येतो. त्यापुढचा विषय मुख्य कार्यालयात जातो. तोच खर्च भांडवली समजला गेला तर वार्षिक बजेटची वाट पाहावी लागते, देखभालीत बसला तर याच महिन्यात होऊ शकतो. म्हणून मजकूर लिहिण्याआधी इंजिनिअरला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : साहेबांची सही किती रकमेपर्यंत चालते, आणि याआधी त्यांनी असा प्रस्ताव कशामुळे परत पाठवला होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी मजकुरातली एक ओळ बनते. इथे साहेबांना उत्पादन थांबण्याची चिंता असणार, म्हणून चार सुट्ट्यांची ओळ आली.

पाठवण्याची पद्धतही सांभाळावी लागते. मजकूर मेलच्या अंगातच असावा, जोडपत्रात दडवलेला नसावा, कारण तो फोनवर वाचला जाणार आहे. मेल नवी कोरी असावी. जुन्या मेलला उत्तर म्हणून धाडला तर खाली दराची घासाघीस आणि “आमच्या साहेबांना समजावणं कठीण आहे हो” असली ओळसुद्धा साहेबांपर्यंत पोहोचते. हे घडते, आणि घडले की निस्तरणे अवघड. विक्रेत्याने इंजिनिअरला लिहायचे आपले दोन शब्द वेगळ्या मेलमध्ये लिहावेत. व्हॉट्सअॅपवर द्यायचा असेल तर कॉपी करून चिकटवता येईल असा साधा मजकूर द्यावा. फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण उमटते आणि शब्द उसने असल्याचे दिसते. “यात हवा तो बदल करा” हेही सांगावे. इंजिनिअरने एखादा आकडा बदलला किंवा स्वतःचे वाक्य घातले, तर तो मजकूर त्याचा झाला असे समजायला हरकत नाही.

मजकूर वाचला गेला की नाही, ते परत येणाऱ्या प्रश्नांवरून कळते. “9 रुपये दर कुठून घेतला?” किंवा “चौथ्या सुट्टीत काम उरलं तर?” असे प्रश्न आले, की प्रकरण जिवंत आहे. “पाठवलंय, बघू” एवढेच उत्तर दोनदा आले, तर बहुधा पाठवलेले नसते. तेव्हा तगादा लावण्यापेक्षा साहेबांना काय अडचण वाटेल असे इंजिनिअरला विचारणे बरे. अडचण त्याची स्वतःची असली तरी ती साहेबांच्या नावाने बाहेर पडते.

संमती मिळाल्यावर परचेसची बाजू सुरू होते आणि तिथे हा मजकूर उपयोगाचा नाही. तिथे जीएसटी क्रमांक, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि उद्योग नोंदणीचा दाखला लागतो. ते कागद आधीच एका फायलीत तयार ठेवले तर व्हेंडर नोंदणीत आठवडे जात नाहीत.

या साधनाची मर्यादाही ठरलेली आहे. सरकारी खरेदीत निविदेबाहेरच्या अशा कागदाला जागा नाही. कोट्यवधींच्या यंत्रासाठी अर्ध्या कागदावर निर्णय होत नाही. तिथे तो फार तर बैठकीची वेळ मिळवून देतो. आणि इंजिनिअरलाच काम पटलेले नसेल, नुसत्या भिडेखातर तो हो म्हणत असेल, तर कितीही नेमका लिहिलेला मजकूर त्याच्या इनबॉक्समध्येच पडून राहतो.