घर घेताना – लेखांक ७ : किल्ली हातात, भोगवटा अधांतरी

मागच्या लेखांकात करारनाम्यातल्या ताब्याच्या तारखेपर्यंत येऊन थांबलो होतो. ती तारीख येते, किल्ल्या मिळतात, पेढे वाटले जातात. किल्लीबरोबर बिल्डर एक पत्रही देतो. त्यावर नुसते ‘ताबापत्र’ न लिहिता ‘फिट-आउटसाठी ताबा’ असे काही लिहिलेले असेल, तर ते पत्र घरी नेण्याआधी तिथेच नीट वाचावे. त्याचा अर्थ सहसा एवढाच असतो की फर्निचर करून घ्या, पण इमारतीला महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, अजून आलेले नाही. सुतार काम संपवून जातो, माणसे राहायला येतात. त्यानंतर ओसीसाठी धावपळ करण्याची घाई बिल्डरला उरत नाही, कारण बहुतेक पैसे त्याच्याकडे आधीच पोहोचलेले असतात.

खरे तर १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने, म्हणजे मोफाने, हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद केला आहे. आवश्यक ते पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि ग्राहकानेही घ्यायचा नाही, असे कलम ३ सांगते. रेरा कायद्यातही ओसी मिळवण्याची जबाबदारी बिल्डरचीच आहे. तरीही एकीकडे भाडे आणि दुसरीकडे हप्ता भरणारा माणूस किल्ली परत करत नाही. त्याला दोष देणेही कठीण आहे.

पुढे काय होते, हे मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात क्रमाने दिसते. सदस्यांनी १९९७ मध्ये ताबा घेतला, पण बिल्डरने ओसी आणली नाही. ओसीअभावी नियमित नळजोडणी आणि वीजजोडणी मिळेना. संस्थेने खटपट करून दोन्ही जोडण्या तात्पुरत्या मिळवल्या. त्यांची किंमत मात्र कायमची ठरली : मालमत्ता कर नेहमीपेक्षा २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त.

हा भुर्दंड टोचत का नाही, हे हिशेब मांडला की कळते. समजा ६० घरांच्या एखाद्या सोसायटीचे पाण्याचे बिल नेहमीच्या दराने महिन्याला ४० हजार रुपये येते. दीडपट दराने ते ६० हजार होते. वर्षाला जादा गेले २ लाख ४० हजार, म्हणजे घरटी चार हजार. ती रक्कम मासिक मेंटेनन्समध्ये मिसळून जाते आणि वर्षाला चार हजारांसाठी कोणी एकटा वकील लावत नाही. पण वर्षे साचत जातात. ‘समृद्धी’ने पुढे जादा भरलेल्या रकमेपोटी मागितलेला आकडा २ कोटी ६० लाखांच्या वर होता.

विजेचे दुखणे जरा वेगळे. बांधकामासाठी बिल्डरने घेतलेल्या जोडणीवरूनच घराघरांत वीज दिलेली असेल, तर बिल बिल्डरच्या नावावर येते आणि आत बसवलेल्या सबमीटरवरून पैसे गोळा होतात. रहिवाशाचे वीज कंपनीकडे खातेच नसते. बिल्डरने बिल थकवले, तर ज्याने पैसे वेळेवर दिले त्याच्याही घरात अंधार. म्हणून बिल हातात आले की दोन गोष्टी पाहाव्यात : ग्राहक म्हणून नाव कोणाचे आहे आणि वर्गवारी घरगुती आहे की तात्पुरती. १७ डिसेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा सैलपणा आणखी आवळला. मेरठमधल्या बेकायदा बांधकामाच्या त्या प्रकरणात न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले : वीज, पाणी, मलनिःसारणाच्या जोडण्या पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात आणि बँकांनीही ते तपासूनच इमारतीच्या तारणावर कर्ज मंजूर करावे.

त्यातला बँकांचा भाग फेरविक्रीवर थेट येऊन आदळतो. ओसी नसलेल्या फ्लॅटचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे एरवी नोंदले जाते, म्हणून विकणाऱ्याला वाटते सगळे ठीक आहे. अडते ते खरेदीदाराच्या बँकेत. बँकेचा वकील कागद चाळतो, ओसी मागतो आणि फाइल परत येते. कर्ज काढणारे गिऱ्हाईक असे गळाले की उरतो रोख पैसे असलेला माणूस, आणि तो भाव पाडूनच मागतो. त्याच्यावरचा धोका खराच असतो. ताडदेवच्या ३४ मजली विलिंग्डन व्ह्यू इमारतीत १७ व्या मजल्यापासून वर ओसी नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तिथल्या रहिवाशांना घरे रिकामी करायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही. अशा इमारतीत ‘ओसी आहे’ हे अर्धे उत्तर ठरते. ती कोणत्या विंगला आणि कितव्या मजल्यापर्यंत आहे, हे विचारावे लागते, कारण भाग भोगवटा प्रमाणपत्र अगदी नियमित दिले जाते.

सोसायटीच्या बाबतीत मात्र लोक उगाच घाबरतात. ‘ओसी येऊ द्या, मग सोसायटी करू’ हे बिल्डरचे आवडते वाक्य. कायदा तसे म्हणत नाही. रेराखालच्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे ५१ टक्के घरांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत संस्थेसाठी अर्ज करणे हे बिल्डरचे काम आहे, आणि त्याने हात झटकले तरी घरमालक थेट उपनिबंधकांकडे जाऊ शकतात. ‘समृद्धी’ स्वतःच ओसीविना उभी राहिलेली संस्था होती. एकेकट्या घरमालकाला जे परवडले नसते, ते ती संस्था म्हणून लढू शकली. अडचण पुढे, जमीन संस्थेच्या नावावर करताना येते. रेराने त्यासाठी दिलेली तीन महिन्यांची मुदत ओसीच्या तारखेपासून मोजली जाते. तारीखच नसेल, तर मोजणार कुठून? मानीव अभिहस्तांतरणाच्या वाटेने यातून मार्ग निघतो. ओसीऐवजी संस्थेचे स्वयंघोषणापत्र घेण्याची सोय राज्य शासनाने २०१८ मध्ये केली. पण त्या घोषणापत्राबरोबर ओसी आणण्याची जबाबदारीही संस्थेच्या गळ्यात पडते, हे सही करण्याआधी सर्वसाधारण सभेत स्पष्ट सांगितलेले बरे.

आता ‘समृद्धी’चा शेवटचा टप्पा. १९९८ मध्ये संस्था राज्य ग्राहक आयोगाकडे गेली. निकाल लागला २०१४ मध्ये : बिल्डरने चार महिन्यांत ओसी आणावी आणि जादा पाणीपट्टीपोटी एक लाख रुपये द्यावेत. ओसी तरीही आली नाही. मग संस्थेने जादा भरलेली सगळी रक्कम राष्ट्रीय आयोगाकडे मागितली. आयोगाने २०१८ मध्ये तक्रार फेटाळली. दोन वर्षांची मुदत उलटली आहे आणि पैसे तर महापालिकेने घेतले, मग हा ग्राहक वाद कसा, असा आयोगाचा सूर होता. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे उलटवले. ओसी न देणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि ती मिळेपर्यंत चूक रोज चालूच राहते, त्यामुळे मुदत संपली असे म्हणता येत नाही, असे सांगून प्रकरण गुणवत्तेवर निकाली काढण्यासाठी परत पाठवले. ताबा घेऊन वीस-पंचवीस वर्षे झालेल्या सोसायट्यांना ‘आता उशीर झाला’ असे सांगणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसे आहे.

निकालाने पैसे मिळू शकतात, ओसी मात्र महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागातूनच येते. म्हणून पहिले पाऊल माहितीच्या अधिकारात त्या फाइलची प्रत मागण्याचे. ओसी का अडली, हे तिथे लेखी सापडते. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला किंवा लिफ्टचा परवाना राहिला असेल, बिल्डरने महापालिकेचे शुल्क थकवले असेल, तर खर्च करून आणि पाठपुरावा करून गाडी पुढे सरकते. परवाना असलेला वास्तुविशारद नेमून संस्थेलाही हे काम हाती घेता येते. मंजूर नकाशापेक्षा मजलेच जास्त चढवले असतील किंवा पार्किंगच्या जागेत गाळे काढले असतील, तर प्रकरण जड आहे. जादा बांधकाम नियमात बसवता येते का, याचा हिशेब आधी करावा लागतो, आणि बसत नसेल तर तेवढा भाग पाडल्याशिवाय ओसी मिळत नाही. फाइलमध्ये यातले काय निघते, त्यावर वास्तुविशारद नेमायचा की आधी वकील, हे ठरते.

पुढील लेखांकात : मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज.