बेरीज झोपते तेव्हा : संगणकावरील ऊस बिल आणि हाताने चालवायचा हिशेब



गेल्या हंगामात एका पंधरवड्याच्या ऊस बिलात एका सभासदास नऊ हजार रुपये कमी लागले. काटा बरोबर होता, दर बरोबर होता, पावत्याही बरोबर होत्या. चूक झाली ती बेरजेत, आणि तीही संगणकाच्या बेरजेत. "संगणक कधी चुकतो होय?" असे बऱ्याच जणांनी विचारले. म्हणून हा प्रकार काय होता तो येथे सविस्तर मांडत आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुले-मुली आता संगणकावर हिशेब ठेवतात, दूध संस्थेत आणि सोसायटीतही तेच चालते. तेव्हा ही गोष्ट केवळ कारखान्याच्या कचेरीपुरती नाही.

प्रथम घडले काय ते पाहू. हे सभासद गट ऑफिसात आले ते खिशात चार वजन पावत्या घेऊन. म्हणाले, "साहेब, माझी बेरीज ५७ टन ९०० किलो येते, तुमच्या कागदावर ५४ टन ९०० आहे. तीन टन ऊस गेला कुठं?" लिपिकाने एक्सेलमधील बिलाचे पान उघडले, तर पडद्यावर ५७.९०० च दिसत होते! "अण्णा, इथं तर बरोबर आहे," असे म्हणून त्यांनी पान फिरवून दाखवले. अण्णांनी छापील कागद पुढे केला, त्यावर ५४.९००. एकच पान, पण कागदावर एक आणि पडद्यावर दुसरे. छपाई यंत्र काही आकडे बदलत नाही. मग गोम कुठे होती?

पानावर अण्णांच्या चार खेपा अशा होत्या : १४.२५०, १५.१००, १३.६५० आणि १४.९०० टन. त्याखाली बेरजेचे आणि रकमेचे सूत्र होते. दर आपण समजण्यापुरता टनाला ३,००० रुपये धरू, तो C9 या घरात आहे.

```
C8:  =SUM(C4:C7)
C10: =C8*C9
```

चौथी खेप आदल्या दिवशी नोंदवताना १४.९०० च्या जागी ११.९०० अशी टिपली गेली होती. म्हणून बेरीज ५४.९०० आणि रक्कम १,६४,७०० रुपये झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पावती पाहताना चूक ध्यानात आली व आकडा दुरुस्त केला गेला. एरवी एक्सेलमध्ये वरचा आकडा बदलला, की खालची बेरीज क्षणात बदलते. त्या दिवशी ती बदलली नाही. वर १४.९०० आणि खाली जुनी ५४.९०० अशीच पाने छापून वाटली गेली. खरी रक्कम १,७३,७०० रुपये. नऊ हजारांचा फरक तो हा.

बेरीज न बदलण्याचे कारण असे. एक्सेलमध्ये हिशेब करण्याच्या मुख्य दोन पद्धती आहेत. `Automatic` ठेवले तर आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेली सूत्रे आपोआप पुन्हा मोजली जातात. `Manual` ठेवले तर सूत्रे जुनाच आकडा धरून बसतात आणि कोणी `F9` ही कळ दाबेपर्यंत हलत नाहीत. इंजिन चालू आहे, पण पट्टा चढवलेला नाही, म्हणून पाणी काही वर येत नाही, तसलाच हा प्रकार.

अशी सोय मुळात ठेवलीच कशाला, असा प्रश्न येतो. ही सोय जुनी आहे. १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्क या पहिल्या गाजलेल्या हिशेब-पानातसुद्धा ती होती. त्या काळची यंत्रे धीमी. प्रत्येक आकड्यामागे सगळे पान पुन्हा मोजायचे म्हणजे टंकणाराला थांबून राहावे लागे. आज यंत्रे वेगवान झाली, पण पानेही वाढली. आमच्याकडे संपूर्ण हंगामाच्या खेपांचे एक मोठे पान आहे. त्यात हजारो ओळी, आणि प्रत्येक ओळ सभासदाचे नाव, गट, गाव दुसऱ्या पानावरून शोधून आणते. एक खेप टिपली की पडदा काही सेकंद गोठायचा. कंटाळून कोणीतरी त्या पानाला `Manual` केले. काम भराभर होऊ लागले आणि पुढे ती गोष्ट विसरली गेली.

आता खरी मेख ऐका. ही पद्धत ज्या पानावर लावली त्याच्यापुरती राहत नाही. एक्सेल सुरू केल्यावर जी फाईल पहिली उघडाल तिची पद्धत त्या बैठकीला लागू होते, आणि नंतर उघडलेल्या सर्व फायली तीच पद्धत घेतात. शिवाय फाईल जतन केली, की ती पद्धत तिच्याबरोबर जतन होते. काणीचे बेणे एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते तसेच हे. त्या दिवशी सकाळी आधी हंगामाची मोठी फाईल उघडली गेली, मग बिलाची. बिलाच्या फाईलला कोणी हात लावला नव्हता, तरी तीही झोपली. म्हणूनच तीच फाईल एका टेबलावर नीट चालते आणि शेजारच्या टेबलावर चालत नाही, असा अनुभव येतो.

मग नंतर पडद्यावर बरोबर आकडा कसा दिसला? एक्सेलमध्ये `Recalculate workbook before saving` अशी एक खूण असते. ती लावलेली असेल तर फाईल जतन करताना सूत्रे एकदा मोजली जातात. दुपारी छपाई झाली, संध्याकाळी फाईल जतन झाली, तेव्हा बेरीज जागी झाली. कागद जुना राहिला, फाईल सुधारली, आणि चुकीचा माग पुसला गेला. हे कळेपर्यंत आमचे दोन दिवस गेले.

आणखी एक गोष्ट त्याहून वाईट घडली होती. बँकेकडे पाठवायच्या यादीत रकमा दुपारीच उचलून चिकटवल्या होत्या, आणि त्या सूत्र म्हणून नव्हे, नुसते आकडे म्हणून. सूत्र झोपलेले असेल तर `F9` ने जागे होते, पण चिकटवलेला आकडा मेलेला असतो. त्याला कितीही हाका मारा, तो उठत नाही. ती यादी मूळ बिलांशी एकेक ओळ ताडूनच दुरुस्त करावी लागली. अण्णांची फरकाची रक्कम त्यातूनच निघाली.

कोणी म्हणेल, पानावर ताळा नव्हता का? होता. गावाची बेरीज वजा सभासदांची बेरीज, उत्तर शून्य यावे, असे एक घर होते आणि त्यात शून्यच दिसत होते. पण तो ताळाही सूत्रच. राखणदारही त्याच खाटेवर झोपला होता. यावरून आम्ही शिकलो ते हे, की ज्या पानाची तपासणी करायची तिच्यातल्याच सूत्रावर भिस्त ठेवून चालत नाही.

ओळखायचे कसे ते सांगतो. पडद्याच्या अगदी तळाशी डाव्या बाजूस `Calculate` हा शब्द दिसू लागला, की काही सूत्रे मोजायची राहिली आहेत असे समजावे. दुसरी खूण : एक सूत्र खाली ओढून दहा घरांत नेले आणि दहाही घरांत तोच आकडा उमटला, तर हिशेब हातावर आहे. तिसरी परीक्षा सर्वांत सोपी. खेपांची घरे माऊसने निवडावीत. तळाच्या पट्टीवर `Sum` समोर त्यांची बेरीज दिसते. ही बेरीज पद्धत कोणतीही असली तरी ताजी असते. तेथे ५७.९०० आणि घरात ५४.९०० दिसले, की दुखणे सापडले.

मात्र दोन्हीकडे सारखाच आकडा आला आणि पावत्यांची बेरीज वेगळी निघाली, तर दुखणे दुसरे आहे. बहुधा एखादे वजन आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून टंकले गेलेले असते. असे वजन डोळ्याला दिसते पण बेरजेत धरले जात नाही. तेथे `F9` चा उपयोग नाही, तो आकडाच पुन्हा नीट भरावा लागतो.

उपाय असा. `Formulas` या पट्टीवर `Calculation Options` मध्ये जाऊन `Automatic` निवडावे व फाईल जतन करावी. पण झोपाळू फायली जितक्या असतील तितक्या सर्व अशा दुरुस्त केल्याशिवाय रोग जात नाही, कारण एक जरी राहिली आणि सकाळी पहिली उघडली गेली, तरी पुन्हा लागण. `F9` दाबल्यावर बदलाची नोंद असलेली सूत्रे मोजली जातात. शंका असेल तेथे `Ctrl+Alt+F9` एकदम दाबावे; त्याने उघड्या असलेल्या सर्व फायलींतील सर्व सूत्रे नव्याने मोजली जातात. मोठ्या पानाला त्यास थोडा वेळ लागतो, तो लागू द्यावा. कधी कधी मॅक्रो नावाची तयार आज्ञावली काम उरकण्यासाठी स्वतःच `Manual` लावते आणि मध्येच अडखळली तर परत `Automatic` करायचे राहून जाते. वारंवार तोच प्रकार होत असेल तर तिकडे बघावे.

आमच्या कचेरीत आता हंगामाची मोठी फाईल वेगळ्या संगणकावर एकटीच उघडली जाते. बिले छापण्यापूर्वी `Ctrl+Alt+F9` दाबून, फाईल जतन करून, मगच छपाई होते. प्रत्येक गावाच्या टनेजची बेरीज काट्याच्या नोंदवहीवरून कॅल्क्युलेटरवर स्वतंत्रपणे केली जाते आणि ती हाताने कागदावर लिहून पानाशी ताडली जाते. यास प्रत्येक गावामागे थोडा वेळ जास्त जातो, हे मान्य.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. वजन पावत्या बिल हाती येईपर्यंत फेकू नका. बिल आले की खेपांची बेरीज स्वतः करून पाहा, घरात शाळकरी मूल असेल तर त्याला करायला सांगा. किलोचा जरी फरक निघाला तरी संकोच न करता पावत्यांसह गट ऑफिसात या. त्या दिवशी अण्णा खिशात चार चिठ्ठ्या घेऊन आले नसते, तर तो आकडा आजही तसाच झोपलेला असता.