पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी परिषद प्रवास अनुदान: विभागाकडे अर्ज कसा करावा

संशोधन परिषदेत निबंध सादर करण्यासाठी पीएच.डी. विद्यार्थ्याला प्रवास, राहणे आणि नोंदणी शुल्क यांचा खर्च करावा लागतो. अनेक विद्यापीठांत या खर्चासाठी विभागाकडे थोडा निधी असतो. तो मिळवण्यासाठी विभागप्रमुखांकडे अर्ज करावा लागतो. त्याला खर्चाचे अंदाजपत्रक आणि निबंध स्वीकारल्याचा पुरावा जोडावा लागतो. हा अर्ज कोणत्या क्रमाने करावा, त्यात काय लिहावे आणि तो कोठे अडतो, याची माहिती येथे दिली आहे. ही माहिती भारतात होणाऱ्या परिषदांसाठी आहे.

आधी क्रम समजून घ्या

बहुतेक अर्ज निबंध कमी दर्जाचा म्हणून नव्हे, तर तारखांचा क्रम चुकल्यामुळे अडतात. योग्य क्रम असा आहे: निबंध स्वीकृतीचे पत्र, मार्गदर्शकांची शिफारस, विभागाचा मंजुरी आदेश, नोंदणी व तिकीट, प्रवास आणि शेवटी बिल. मंजुरी आदेशाची तारीख प्रवासाच्या तारखेनंतरची असेल, तर लेखा विभाग साधारणपणे बिल परत पाठवतो. "आधी जाऊन येतो, मग अर्ज देतो" असे केल्यास खर्च स्वतःच्या खिशातून जाण्याची शक्यता मोठी असते.

विभागात असे अर्ज मंजूर करणारी समिती असेल, तर तिची पुढची बैठक कधी आहे हे स्वीकृतीचे पत्र येताच कार्यालयात विचारा. समिती महिन्यातून एकदाच बसत असेल, तर एक बैठक चुकली की पूर्ण महिना जातो.

स्वीकृतीचा पुरावा कोणता चालतो

निबंधाचा गोषवारा पाठवल्यावर आयोजकांकडून लगेच एक ई-मेल येतो: "आपला गोषवारा मिळाला." ही फक्त पोच आहे, स्वीकृती नाही. अनेक विद्यार्थी चुकून हीच पोच अर्जाला जोडतात.

स्वीकृतीच्या पत्रात पाच गोष्टी असाव्यात: तुमचे नाव, निबंधाचे शीर्षक, तो तोंडी सादर करायचा आहे की भित्तिपत्रकाच्या रूपात, परिषदेच्या तारखा आणि ठिकाण. पत्र आयोजक संस्थेच्या शीर्षपत्रावर असावे किंवा तिच्या अधिकृत ई-मेलवरून आलेले असावे. ई-मेलची प्रत काढताना पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख छापली गेली आहे, हे पाहा. पत्रातील नावाची अक्षरे विद्यापीठातील नोंदीशी जुळत नसतील, तर आयोजकांकडून दुरुस्त पत्र लगेच मागवा. प्रवास झाल्यावर ही दुरुस्ती करून घेणे अवघड जाते.

निबंधाचे लेखक एकापेक्षा अधिक असतील, तर निबंध तुम्हीच सादर करणार आहात आणि त्यासाठी दुसरा कोणीही अनुदान मागणार नाही, असे सहलेखकांचे सहीचे पत्र जोडा.

परिषद खरी आहे का, हे तपासा

केवळ शुल्क गोळा करण्यासाठी भरवलेल्या परिषदाही असतात. गोषवारा पाठवल्यावर एक-दोन दिवसांतच स्वीकृती येणे, एकाच परिषदेत वैद्यकापासून वाणिज्यापर्यंत सगळे विषय असणे, शुल्क एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागणे, ही त्यांची लक्षणे आहेत. शंका आल्यास आयोजक म्हणून ज्या संस्थेचे नाव दिले आहे, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून दूरध्वनी क्रमांक घ्या आणि त्या विभागात विचारा. परिषदेच्या पत्रकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून ही खात्री होत नाही. शुल्क एकदा भरले की ते सहसा परत मिळत नाही, म्हणून तपासणी पैसे भरण्यापूर्वीच करा.

अंदाजपत्रक: एक उदाहरण

समजा, हैदराबादमधील एका विद्यापीठात एक विद्यार्थिनी समाजशास्त्रात पीएच.डी. करत आहे. तिला अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती मिळते आणि ती तिसऱ्या वर्षात आहे. दिल्लीत १२ ते १४ फेब्रुवारीदरम्यान होणाऱ्या परिषदेत तिचा निबंध स्वीकारला गेला आहे. तिच्या विभागात एका विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळतात. पुढील रकमा उदाहरणादाखल धरल्या आहेत.

| बाब | हिशेब | रक्कम (रुपये) | सोबतचा कागद |
|---|---|---|---|
| नोंदणी शुल्क | ३,००० + १८ टक्के जीएसटी | ३,५४० | परिषदेचे शुल्कपत्रक |
| रेल्वे, थ्री टियर एसी, जाणे-येणे | २,००० × २ | ४,००० | भाडे दाखवणारी प्रत |
| राहणे, ११, १२ व १३ तारखेची रात्र | ८०० × ३ | २,४०० | अतिथिगृहाचे दरपत्रक |
| जेवण, परिषदेचे दिवस | ३०० × ३ | ९०० | विभागाचा नियम |
| स्थानिक प्रवास | अंदाजे | १,००० | पावत्या नंतर |
| एकूण | | ११,८४० | |

एकूण खर्च विभागाच्या मर्यादेपेक्षा १,८४० रुपयांनी जास्त आहे. अशा वेळी पुष्कळ जण अंदाजपत्रकातील आकडे कमी करून ते १०,००० मध्ये बसवतात. तसे केल्यास खरी बिले जास्त रकमेची येतात आणि वरचा खर्च स्वतःवर पडतो. त्याऐवजी खर्च दोन ठिकाणी वाटून दाखवता येतो.

या अधिछात्रवृत्तीत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना पहिली दोन वर्षे दरवर्षी १०,००० रुपये आणि त्यानंतर दरवर्षी २०,५०० रुपये आकस्मिक अनुदान असते. त्यालाच विद्यार्थी 'कॉन्टिंजन्सी' म्हणतात. परिषदेचे नोंदणी शुल्क त्यातून देता येईल का, हे अधिछात्रवृत्ती विभागात लेखी विचारून घ्या. आपल्या उदाहरणात परवानगी मिळाली, म्हणून विद्यार्थिनीने ३,५४० रुपयांचे नोंदणी शुल्क आकस्मिक अनुदानातून दाखवले आणि उरलेले ८,३०० रुपये विभागाकडे मागितले.

येथे एक काळजी घ्या. वाटणी करताना पूर्ण बाब एका निधीत टाका, म्हणजे नोंदणी एका ठिकाणी आणि प्रवास दुसऱ्या ठिकाणी. एकच बिल दोन कार्यालयांत दिले, तर चूक अनवधानाने झाली असली तरी ती दुहेरी मागणी ठरते. रक्कम वसूल होऊ शकते आणि पुढील मंजुरीही अडू शकते. दुसरीकडून काय घेत आहात, हे अर्जातच लिहिले की हा प्रश्न उरत नाही.

अर्जाचा मजकूर

अर्ज विद्यापीठाच्या कामकाजाच्या भाषेत करावा. मजकूर एका पानापेक्षा मोठा नसावा. नमुना असा:

> प्रति, विभागप्रमुख, समाजशास्त्र विभाग
> मार्फत: संशोधन मार्गदर्शक
>
> विषय: दिल्ली येथील परिषदेत निबंध सादर करण्यासाठी प्रवास अनुदान व अग्रिम मिळण्याबाबत
>
> महोदय / महोदया,
> मी आपल्या विभागात पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात आहे. दि. १२ ते १४ फेब्रुवारीदरम्यान होणाऱ्या परिषदेत माझा निबंध तोंडी सादरीकरणासाठी स्वीकारला गेला आहे. हा निबंध माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर आधारित आहे.
>
> एकूण अपेक्षित खर्च ११,८४० रुपये आहे. त्यांपैकी नोंदणी शुल्काचे ३,५४० रुपये मी अधिछात्रवृत्तीच्या आकस्मिक अनुदानातून घेणार आहे. उर्वरित ८,३०० रुपये विभागाच्या निधीतून मंजूर करावेत आणि त्यांपैकी ६,००० रुपये अग्रिम म्हणून द्यावेत, ही विनंती. या खर्चासाठी इतर कोठेही मागणी केलेली नाही. सवलतीच्या दरात नोंदणी करण्याची अंतिम तारीख १० जानेवारी आहे.
>
> सोबत: स्वीकृतीपत्र, निबंधाचा गोषवारा, अंदाजपत्रक व दरांचे कागद, सहलेखकांचे पत्र (लागू असल्यास), पीएच.डी. नोंदणीची प्रत, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.

निबंध प्रबंधाच्या कोणत्या भागाशी जोडलेला आहे, हे एका वाक्यात लिहावे. मार्गदर्शकांना शिफारस करणे त्यामुळे सोपे जाते. अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पुढे अर्जाची चौकशी याच क्रमांकाने करावी लागते.

अग्रिम मागायला संकोच करू नका

काही विभाग खर्च झाल्यानंतरच पैसे देतात, म्हणजे विद्यार्थ्याला आधी स्वतः पैसे भरावे लागतात. अधिछात्रवृत्तीचे हप्ते उशिरा जमा होत असतील, तर ही अडचण मोठी होते आणि स्वीकृती मिळूनही काही जण परिषदेला जात नाहीत. म्हणून विभागात अग्रिम देण्याची सोय आहे का, ते विचारा आणि असल्यास पहिल्याच अर्जात मागा. तो नंतर वेगळ्या अर्जाने मागितल्यास फाईल पुन्हा त्याच टेबलांवरून फिरते.

मंजुरी येण्याआधी नोंदणीची मुदत संपत असेल, तर ती तारीख अर्जात ठळकपणे लिहा आणि आयोजकांकडेही मुदतवाढ मागून पाहा. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. निश्चित तिकीट वेळेत रद्द केल्यास काही वजावट होऊन पैसे परत मिळतात, पण नोंदणी शुल्काचे तसे नसते. तिकीट काढण्यापूर्वी कोणत्या वर्गाचे भाडे मिळते आणि तत्काळचा जादा आकार मिळतो का, हे लेखा विभागात विचारून घ्या.

परत आल्यावर

मूळ तिकिटे, नोंदणी व राहण्याच्या पावत्या, स्थानिक प्रवासाच्या पावत्या आणि सादरीकरणाचे प्रमाणपत्र यांसह बिल सादर करावे. प्रमाणपत्रावर केवळ उपस्थित राहिल्याचा नव्हे, तर निबंध सादर केल्याचा उल्लेख असावा. तो नसेल, तर परिषद सोडण्यापूर्वीच नोंदणी कक्षातून दुरुस्त करून घ्या.

आपल्या उदाहरणात स्थानिक प्रवासाचा खर्च १,००० ऐवजी ७४० रुपये झाला. त्यामुळे विभागाकडील खर्च ८,०४० रुपये ठरला. त्यातून ६,००० रुपये अग्रिम वजा होऊन विद्यार्थिनीला २,०४० रुपये मिळाले. प्रत्यक्ष खर्च अग्रिमापेक्षा कमी झाला असता, तर फरकाची रक्कम तिला परत भरावी लागली असती. अग्रिमाचा हिशेब किती दिवसांत द्यायचा, ते मंजुरी आदेशात पाहा. हिशेब दिल्याशिवाय पुढचा अग्रिम सहसा मिळत नाही.

अर्ज परत आला तर

तोंडी नकारावर थांबू नका. फाईलवर काय शेरा आहे, ते लेखी मागा. "दराचा कागद नाही" किंवा "स्वीकृतीपत्र स्पष्ट नाही" असा शेरा असेल, तर तेवढाच कागद जोडून त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन अर्ज पुन्हा द्या. "निधी शिल्लक नाही" असा शेरा असेल, तर तो लेखी घेऊन अधिष्ठाता किंवा विद्यापीठाच्या संशोधन कक्षाकडे अर्ज करा. विभागातून मदत मिळालेली नाही, हे तेथे दाखवण्यासाठी तोच कागद लागतो.