कारल्याचा रस आणि सकाळची गोळी

समजा, 62 वर्षांचे एक काका सकाळी सहाला ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. डॉक्टरांनी ती नाश्त्याबरोबर सांगितलेली असते, पण फिरून आल्यावर राहून जाते म्हणून आधीच. पाठोपाठ ग्लासभर कारल्याचा रस. मग तासभर चालणं, कट्ट्यावर गप्पा. पोहे पोटात जाईपर्यंत नऊ वाजतात.

रिकाम्या पोटी रक्ताला साखर पुरवतं ते मुख्यतः यकृत. इन्सुलिन वाढलं की हा पुरवठा आखडतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि साखर खाली आली म्हणून त्या थांबत नाहीत. त्यात चालणारे स्नायू साखर ओढतच असतात. काकांची साखर एवढ्यानेही उतरू शकते. रसाची भर किती पडेल, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. कारल्याची जात, ते किती कोवळं, रस किती दाट, यावर सगळं अवलंबून. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, ग्लासावर नसतात.

मधुमेहावर कारलं खात्रीने लागू पडतं असं म्हणण्याइतका पुरावा 2012 च्या कॉक्रन आढाव्याला मिळाला नाही. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. 1979 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका स्त्रीची नोंद आली होती. ती क्लोरप्रोपामाइड ही ग्लिमेपिराइडच्याच गटातली जुनी गोळी घेत होती आणि जेवणात कारल्याची भाजी असली की तिची साखर जास्त आटोक्यात दिसे. भाजीत लसूणही होता, आणि एका रुग्णावरून नियम निघत नाही. तरी डॉक्टरांना सावध करायला ती नोंद पुरेशी होती.

‘शेजारचे अण्णा रोज पितात, त्यांना काही होत नाही,’ हे खरंही असेल. अण्णा फक्त मेटफॉर्मिनवर असतील. एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली सहसा जात नाही. म्हणून रस सुरू करण्याआधी गोळीचं नाव बघायचं, शेजारी नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर धोका आहेच.

दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, मग चिडचिड आणि असंबद्ध बोलणं, ही साखर उतरल्याची खूण. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम तेवढा उरतो. मीटरवर 70 च्या खाली आकडा दिसला, की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी साखरेऐवजी ग्लुकोज पावडर घ्यावी, कारण या गोळ्या साखरेचं पचन लांबवतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठायचं.

बरं वाटल्यावर काका लगेच मोकळे होत नाहीत. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ टिकतो, मूत्रपिंड अशक्त असेल तर आणखीच. दुपारी साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून लगेच पोटभर नाश्ता, दिवसभर अधूनमधून तपासणी, आणि डॉक्टरांना फोन करताना रसाचाही उल्लेख.