तारेचे वय आणि झुंबराचे वय

जुने झुंबर विकायला निघाले की विकणारा सर्वांत आधी तारेकडे बोट दाखवतो. सुती वेष्टणाची, काळपट पडलेली, दुमडली की आतले रबर पिठासारखे गळणारी वायर असली, तर ती ‘ओरिजिनल’ म्हणून झुंबराच्या वयाचा पुरावा ठरते. उलट पांढरी पीव्हीसी वायर आणि नवे होल्डर दिसले की घेणारा भाव पाडायला लागतो. हे दोघेही चुकीच्या साक्षीदाराला विचारत आहेत. तार हा झुंबराचा सर्वांत तरुण आणि सर्वांत बदलता भाग आहे. विजेवर चालणाऱ्या कोणत्याही झुंबराची वायर शंभर वर्षांत दोन-तीनदा तरी बदलावी लागते. लोलकांचेही तसेच: ते फुटतात, हरवतात, पुन्हा लावले जातात. वय सांगतो तो सांगाडा. तार आणि लोलक बदलले, एवढ्यावरून फारसे काही ठरत नाही. ते बदलताना सांगाड्याला काय केले, यावर मात्र जवळपास सगळे ठरते.

झुंबराचा सांगाडा कोणत्या उजेडासाठी घडवला होता, हे त्याच्या अंगावर दिसते. मेणबत्तीच्या झुंबराच्या फांद्या बहुधा भरीव असतात, कारण त्यांच्या आतून काहीच जायचे नसते. काचेची फांदी भरीव ओतून वाकवलेली असते आणि पितळी फांदी भरीव ओतीव असते. टोकाला मेण साठवणारी वाटी आणि तिच्यावर मेणबत्तीची खोबण असते. असे झुंबर पेटवायला खाली उतरवावे लागे, म्हणून ते दोरी, साखळी आणि कप्पीवर टांगलेले असे. एकोणिसाव्या शतकात गॅस आला आणि फांदी पोकळ नळी झाली. मधली दांडी ताठ पाइपची झाली आणि प्रत्येक फांदीच्या मुळाशी किंवा टोकाजवळ एक छोटी चावी आली. ज्योत वर जाते म्हणून गॅसच्या दिव्यांची तोंडे बहुतेक वरच होती. विजेच्या दिव्याला वर-खाली काहीही चालते, त्यामुळे तोंड खाली केलेले, पोकळ नळ्यांचे आणि मध्ये तारा जोडायची डबी असलेले झुंबर बहुधा विजेसाठीच जन्मलेले असते. काही झुंबरे दोन्हींसाठी एकदम बनली, कारण सुरुवातीच्या काळात विजेवर कोणाचा भरवसा नव्हता: काही फांद्या गॅससाठी वर वळलेल्या, काही विजेसाठी खाली. कोलकात्यात वीज 1899 मध्ये आली. मुंबईत आजच्या ‘बेस्ट’ची पूर्वज कंपनी 1905 मध्ये स्थापन झाली. त्यामुळे आपल्याकडच्या वाड्यांतल्या आणि बंगल्यांतल्या झुंबरांपैकी पुष्कळ दोन जन्मांची आहेत. ती मेणबत्तीची म्हणून आली आणि विजेवर नेली गेली.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आठ फांद्यांचे, काचेच्या लोलकांचे, मधोमध पितळी दांडीचे एक झुंबर दीडशे वर्षांचे म्हणून समोर आहे. वायर नवी आहे. ती बाजूला ठेवून फांदी पाहायची. फांदी काचेची आणि भरीव आहे, तार तिच्याबाहेरून पिळा घालून टोकापर्यंत नेली आहे, आणि वाटीत होल्डर नुसता बसवून घट्ट केला आहे. हे मेणबत्तीचेच झुंबर आहे, आणि ज्याने ते विजेवर नेले त्याने शहाणपणा केला आहे. तार उद्या सोडवली तर झुंबर आपल्या पहिल्या रूपात परत येते. याच झुंबराच्या वाटीला तळातून भोक पाडले असेल तर गोष्ट वेगळी. भोकाची कड कच्ची दिसते, आतले पितळ वरच्या पृष्ठभागापेक्षा उजळ असते, सोनेरी मुलामा भोकापाशी तुटलेला असतो, आणि पुष्कळदा भोक नक्षीच्या मध्यावर न पडता कडेला सरकलेले असते. घडवणाऱ्याने पाडलेले भोक नक्षीचा मान राखते. वायरमनने पाडलेले भोक ड्रिल जिथे पोचले तिथे असते. अशा झुंबराचे वय कमी होत नाही, ते तेवढेच जुने राहते. किंमत मात्र उतरते, कारण हे नुकसान परत भरून येत नाही. वय आणि किंमत या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात, आणि बाजारात त्यांची गल्लत सतत होते. चावीचे बोंड झाळून बंद केलेले आढळले तर ती गॅसची फांदी आहे, आणि ‘मेणबत्तीच्या काळातले’ हा विक्रेत्याचा दावा तिथेच संपतो.

लोलकांकडे वळू. इंग्लिश झुंबरांची प्रतिष्ठा शिशाच्या काचेवर उभी आहे. 1674 मध्ये जॉर्ज रेव्हनक्रॉफ्टने लंडनमध्ये या काचेचे पेटंट घेतले. पुढे बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर कंपनीने कोलकात्यात दुकान थाटून राजेरजवाड्यांना झुंबरे पुरवली. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनातले 27 फूट उंचीचे काचेचे कारंजे याच कंपनीचे. शिशाची काच जड असते, आणि हे घरातच तपासता येते. लोलक त्याच्या धातूच्या कडीतून सोडवायचा, बारीक काट्यावर हवेत तोलायचा आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोलायचा. हवेत 62 ग्रॅम आणि पाण्यात 42 भरला तर 20 ग्रॅमची घट झाली. 62 ला 20 ने भागले की घनता 3.1 येते, म्हणजे शिशाची काच. दुसरा लोलक हवेत 50 आणि पाण्यात 30 भरला तर घनता 2.5, म्हणजे बांगड्या-बाटल्यांच्या जातीची साधी काच. दिसायला दोघे सारखेच असतात. प्रत्येक ओळीतला एक-एक लोलक असा तपासला तरी चित्र स्पष्ट होऊ लागते. बदललेले लोलक बहुधा एकगठ्ठा सापडतात, विशेषतः खालच्या ओळींत, जिथे झाडू, शिडी आणि पुसणाऱ्याचे डोके लागते.

या तपासणीला मर्यादा आहेत. हलकी काच म्हणजे नकली, हे गणित चुकीचे आहे. बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातली, पुष्कळ अस्सल झुंबरे शिशाविना बनलेली आहेत आणि त्यांचा मूळ लोलकही हलकाच असतो. संशय आकड्याचा घ्यायचा नाही, विसंगतीचा घ्यायचा: एकाच ओळीत 3.1 आणि 2.5 एकत्र आले तर त्यातले काहीतरी नंतर आले आहे. शिवाय नवा शिशाचा लोलकही जडच भरतो, तो या परीक्षेतून सुटतो. त्याच्यासाठी पैलू पाहावे लागतात. हाताने घासलेल्या जुन्या लोलकाचे पैलू एकमेकांशी किंचित जुळत नाहीत, टोके कधी एका बिंदूला मिळतात, कधी चुकतात. यंत्राने कापलेल्यांत ही चूक नसते. साच्यात दाबून काढलेल्या लोलकाच्या कडा बोटाला बोथट लागतात आणि बाजूला साच्याची रेघ सापडू शकते. अतिनील दिव्याखाली सगळा संच अंधारात पाहिला तर एका घाण्याची काच एका रंगात मंद उजळते आणि परकी काच लगेच वेगळी पडते.

यावर कोणी म्हणेल, लोलक बदलले तर ते झुंबर मूळ राहिलेच कुठे? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो लोलकाचे काम विसरतो. लोलक हा कायम बदलण्यासाठीच कडीवर टांगलेला असतो, रंगवलेल्या चित्राच्या रंगासारखा तो मूळ वस्तूत मुरलेला नसतो. मोठ्या लिलावगृहांचे तज्ज्ञ म्हणूनच झुंबर नाकारत नाहीत, ‘नंतरचे लोलक’ किंवा ‘विजेसाठी जुळवलेले’ अशी नोंद करतात आणि भाव त्या नोंदीप्रमाणे लावतात. नोंदलेला बदल थोडा भाव खातो, लपवलेला बदल विश्वास खातो. खरी घसरण तेव्हा होते जेव्हा दोन झुंबरांचे तुकडे जोडून एक केले जाते: एकाची दांडी, दुसऱ्याच्या फांद्या. इंग्लिश व्यापारी याला ‘मॅरेज’ म्हणतात. आपल्याकडे लग्नाने कुळाची प्रतिष्ठा वाढते, तिथे मात्र भाव उतरतो. ते ओळखायला फांद्या दांडीत कशा बसतात ते पाहावे: एकाच कारागिराच्या कामात सगळ्या खोबणी सारख्या खोल असतात आणि फांद्या नीट बसतात, ‘मॅरेज’मध्ये कुठेतरी वॉशर, कापडाची पट्टी किंवा ताजे डाग दिसतात.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे: जुनी वायर इतिहास आहे, ती काढू नये. ज्याचे झुंबर संग्रहालयात बंद दिव्याने टांगायचे आहे त्याने ती ठेवावी. घरात रोज लागणाऱ्या दिव्यात पिठूळ झालेले रबर ठेवणे म्हणजे पितळी सांगाड्यात वीज सोडून बसणे आहे. शिवाय नव्या वायरिंगसाठी भोके मोठी करायची गरज आता उरलेली नाही. आठ फांद्यांवर 40 वॉटचे आठ जुने बल्ब म्हणजे 320 वॉट, 230 व्होल्टवर सुमारे 1.4 अँपिअर. त्यांची उष्णता होल्डरजवळची तार कडक करत असे. तेवढ्याच आठ फांद्यांवर 5 वॉटचे एलईडी लावले तर एकूण 40 वॉट, म्हणजे 0.2 अँपिअरच्या आत. इतक्या प्रवाहाला बारीक, उष्णता सोसणारी टेफ्लॉनची तार पुरते आणि ती मूळच्या चिंचोळ्या वाटेनेच जाते. पितळी अंगाला अर्थिंग जोडायचे, वजन वायरवर न सोडता हुकवर घ्यायचे, एवढे वायरमनकडून करून घ्यावे. ड्रिल मागितले तर आधी कारण विचारावे.

सर्वांत घातक मात्र वायर नाही आणि लोलकही नाही, बफ आहे. विक्रीआधी पितळ चकाचक करायचे म्हणून बफ मारला की मुलामा, जुने लॅकर आणि काळाचा थर एकदम जातो, आणि त्याबरोबर भोके केव्हा पाडली याचा पुरावाही जातो. कच्ची कड गुळगुळीत होते आणि जुन्या-नव्या पितळाचा रंग एक होतो. म्हणूनच चोरबाजारातले चकाकणारे झुंबर पाहणाऱ्याला कमी सांगते आणि विकणाऱ्याला जास्त भाव देते. सजावटीसाठी घेणाऱ्याला हे चालत असेल तर चालो, पण त्याने सजावटीचाच भाव द्यावा, पुरातनाचा नव्हे.

हा वयाचा हिशेब केवळ हौशींचा नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ‘जन्मतः विजेचे’ म्हणून कमी लेखलेले 1920 च्या सुमाराचे झुंबर आज ही शंभरी ओलांडून गेले आहे, त्यातली वायर कितीही नवी असो. ज्यांच्या घरात असे झुंबर आहे त्यांना एवढीच विनंती: वायर बदलाल तेव्हा निघालेले होल्डर आणि फुटलेले लोलक भंगारात देऊ नका. ते एका डब्यात, काय केव्हा बदलले याच्या चिठ्ठीसह, झुंबराबरोबरच ठेवा.