मराठी स्लग: वाचता येणारा आणि तुटणार नाही असा

वेबपत्त्यात लेखाची ओळख सांगणारा जो शेवटचा तुकडा असतो, त्याला स्लग म्हणतात. तो देवनागरीत ठेवता येतो. मात्र पत्ता पाठवला जातो तो इंग्रजी अक्षरे, अंक आणि मोजक्या चिन्हांतच. म्हणून देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आधी यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइटांत मांडले जाते आणि प्रत्येक बाइट % व दोन अंकाक्षरांनी लिहिला जातो. याला पर्सेंट-एन्कोडिंग म्हणतात. एका चिन्हाची अशी नऊ अक्षरे होतात. ‘कोकण’ हा शब्द असा दिसतो:

```
%E0%A4%95%E0%A5%8B%E0%A4%95%E0%A4%A3
```

चिन्हे मोजताना काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूणही धरावी लागते. ‘ज्या’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण त्यात चार चिन्हे आहेत, म्हणजे ३६ अक्षरे.

वर्डप्रेसमध्ये अडचण इथेच येते. तिथे शीर्षकावरून आपोआप बनणारा स्लग एन्कोड झाल्यावर २०० अक्षरांत बसवला जातो, म्हणजे मराठीची जेमतेम २२ चिन्हे. ‘कोकणातील पावसाळी रानभाज्या आणि त्यांच्या पाककृती’ हे शीर्षक घेऊ. पहिल्या शब्दाला ७२, दुसऱ्याला ६३ आणि दोन जोडरेघांना दोन अक्षरे लागतात. उरलेल्या ६३ अक्षरांत सातच चिन्हे मावतात आणि स्लग ‘कोकणातील-पावसाळी-रानभाज्’ असा अर्ध्या अक्षरावर तुटतो. म्हणून प्रकाशित करण्यापूर्वीच स्लग हाताने लिहावा. ‘कोकण-रानभाज्या’ एवढे पुरते. त्याची ११८ अक्षरे होतात. विभक्तिप्रत्यय, ‘आणि’, ‘त्यांच्या’ असे शब्द गाळले तरी विषय कळतो. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडू नये, कारण तिचे %20 होते, जोडरेघ वापरावी.

ब्राउझरच्या पट्टीत मराठी पत्ता दिसतो, पण कॉपी करून संदेशात टाकला की अनेकदा टक्केचिन्हांची रांग उमटते. दोन्ही पत्ते एकच आहेत आणि दोन्हींनी पान उघडते. फायरफॉक्समध्ये about:config या पानावर `browser.urlbar.decodeURLsOnCopy` चालू केल्यास मराठी रूपच कॉपी होते. त्यातही धोका आहेच: काही अ‍ॅप दुव्याची निळी रेघ एखाद्या मात्रेपाशीच थांबवतात आणि पुढचा भाग सुटतो. जिथे दुवा तुटता कामा नये, तिथे एन्कोड केलेले लांबलचक रूपच पाठवावे. ई-मेल किंवा संकेतस्थळावर मराठी मजकुरालाच दुवा जोडला, तर ती रांग वाचकाला दिसतही नाही.

दुवा उघडल्यावर पान सापडत नसेल, तर पत्त्यात %25E0 आहे का ते पाहावे. असल्यास एन्कोडिंग दोनदा झाले आहे: आधीच एन्कोड झालेल्या पत्त्यातल्या % चिन्हाचेच कुठल्यातरी साधनाने %25 केले. प्रत्येक %25 च्या जागी पुन्हा % ठेवले की दुवा चालू लागतो. एकदा पसरलेला स्लग नंतर सुधारायचाच असेल, तर जुना पत्ता ३०१ पुनर्निर्देशनाने नव्याकडे वळवावा.