टोकियोला जाणारा अहवाल

समजा, पुण्यात पैसे भरण्याच्या एका ॲपची वापर-चाचणी झाली. टोकियोतल्या टीमला त्या ॲपचा अहवाल जपानीत हवा आहे. चाचणीत माणसाला एक काम देतात आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगतात. ‘पैसे भरा’ दाबल्यावर पडदा थिजला, तेव्हा एक बाई म्हणाल्या, “अरे, गेले का पैसे? परत दाबू की काय?”

शब्दाला शब्द ठेवणारा अनुवादक दुसऱ्या प्रश्नाचं ‘मोओ इचिदो ओशिमासु का’ करतो. व्याकरण चोख, पण अर्थ होतो, ‘तुम्ही पुन्हा दाबणार का?’ बाई स्वतःशीच बोलत होत्या. स्वतःशी बोलताना जपानी माणूस आदराची ‘मासु’ रूपं सोडून देतो आणि ‘मी’ तर बहुधा म्हणतच नाही. म्हणून ‘आरे, हाराएता नो काना. मोओ इक्काइ ओशिता होओ गा ई नो काना’ हे बरं. शेवटचं ‘काना’ म्हणजे स्वतःलाच विचारणं. (‘आरे’ आपल्या ‘अरे’सारखंच दचकलेलं आहे, हा आयता फायदा.) याच बाई नंतर चाचणी घेणाऱ्याला उत्तर देतात, तेव्हा मात्र ‘देसु-मासु’ परत यायला हवं. बाई बोलतायत म्हणून वाक्यांना नटव्या बायकी ‘वा’ची शेपटी लावणंही चुकीचं; आजच्या बोलण्यात ती फारशी ऐकू येत नाही.

आता गांभीर्याचा आकडा. याकोब नील्सन यांची 0 ते 4 ही श्रेणी बरेच जण वापरतात: 0 म्हणजे अडचणच नाही, 4 म्हणजे माल बाहेर पडण्याआधी दुरुस्ती हवीच. दोनदा दाबून दोनदा पैसे जात असल्याने या अडचणीला 4 मिळाले. घोटाळा शेजारच्या वाक्यात होतो. सभ्यपणापोटी अनुवादक ‘चोत्तो वाकारिनिकुइ कामो शिरेमासेन’, म्हणजे ‘जरा कळायला अवघड असेलही’, असं लिहितो. आकडा 4 राहतो, पण वाचणाऱ्याला तो 2 वाटतो आणि दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जाते.

म्हणून प्रत्येक पायरीला एकच जपानी शब्द आधी ठरवून घ्यावा: 4 ला ‘चिमेइतेकी’, 3 ला ‘जूदाइ’, 2 ला ‘केइबी’. मग 3 ला एका पानावर ‘जूदाइ’ आणि दुसऱ्यावर ‘शिन्कोकु’ असं होऊ देऊ नये. काही टीममध्ये 1 हाच सर्वांत गंभीर असतो, तेव्हा श्रेणी कुठून कुठे चढते ते पहिल्याच पानावर लिहावं. शेवटी मूळ अहवालात 4 किती, 3 किती ते मोजून जपानीतले आकडे ताडून पाहावेत. दर्जा चुकीचा वाटला, तर अनुवादकाने तो स्वतः बदलू नये; चाचणी घेणाऱ्याला वेगळ्या चिठ्ठीत विचारावं.